‘३१ टक्के’ म्हणजे नेमक्या किती बायका?

ज्या माणसांवर वैद्यकीय संशोधन होते, त्यांना त्याचा निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे, असे जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा सांगतो. युरोपीय संघात तर औषधाची चाचणी संपल्यावर वर्षाच्या आत सामान्य माणसाला समजेल असा गोषवारा देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. पण ‘समजेल असा’ म्हणजे कसा? अवघड शब्द काढून सोपे घातले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. माझे मत वेगळे आहे. खरा घोटाळा शब्दांत नसतो, आकड्यांत असतो.

आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. वस्त्यांचे दोन गट पाडले. एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी ठेवली. गर्भाशयाच्या तोंडावर व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावायचे आणि मिनिटभराने तिथे पांढरा डाग उठतो का, ते पाहायचे. प्रयोगशाळा नाही, डॉक्टरही नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका हे काम करीत. दुसऱ्या गटाला सुरुवातीला कर्करोगाची माहिती दिली, तपासणी मात्र नव्हती.

डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ साली निष्कर्ष जाहीर केला. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते.

वाचकहो, हे वाक्य शंभर टक्के खरे आहे. तरीही ते जसेच्या तसे छापले तर पुष्कळ जण असे समजतील की, शंभर बायका तपासल्या तर एकतीस वाचतात. दवाखान्यात वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन येणारी शिकलेली माणसेही असाच अर्थ काढतात. दोष त्यांचा नाही. ‘३१ टक्के’ म्हणताना ‘कशाचे ३१ टक्के’ हे सांगायचे राहून गेलेले असते.

मूळ अहवालात दर असे आहेत: दर लाख स्त्रियांमागे वर्षाला, तपासणी नसलेल्या गटात १६.२ मृत्यू आणि तपासणी झालेल्या गटात ११.१. लाखाचा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही, म्हणून तो घरगुती करू. दहा हजार स्त्रिया दहा वर्षे पाहिल्या, तर हिशेब तोच होतो. एखाद्या तालुक्याच्या गावात या वयाच्या दहा हजार बायका आहेत असे धरा. तपासणी नसेल तर दहा वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे १६ जणी या रोगाने जातील; तपासणी असेल तर सुमारे ११. म्हणजे पाच जणी वाचल्या. सोळातून पाच गेले, तेच हे ३१ टक्के. पाच आयांचे प्राण ही थोडी गोष्ट नव्हे. पण ती शंभरात एकतीसही नव्हे. गोषवाऱ्यात दोन्ही आकडे एकाच मापात, शेजारी शेजारी हवेत. एका ठिकाणी ‘सहाशेत एक’ आणि दुसरीकडे ‘नऊशेत एक’ असे लिहिले की वाचणाऱ्याची हमखास गल्लत होते.

दुसरी खबरदारी शब्दाची. या अभ्यासात नव्याने कर्करोग होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते; कमी झाले ते मृत्यू. त्यामुळे ‘तपासणीने कर्करोग टळतो’ असे लिहिले तर ते या अभ्यासाचे म्हणणे ठरत नाही.

तिसरी गोष्ट अनिश्चिततेची. अहवालात ३१ टक्क्यांसोबत १२ ते ४६ टक्के असा पल्ला दिलेला आहे. लोक गोंधळतील म्हणून गोषवारा लिहिणारे तो बहुधा गाळतात. मला ते पटत नाही. आमच्या दहा हजारांच्या गावात त्याचा अर्थ इतकाच की, १६ ऐवजी ११ हा सर्वांत जवळचा अंदाज. खरा आकडा ९ ते १४ यांच्यामध्ये कुठेही असू शकेल. चौदा धरले तरी ते सोळापेक्षा कमीच, म्हणून फायदा आहे असे भरवशाने सांगता येते.

हा पल्ला का सांगायचा, ते याच स्त्रियांच्या दुसऱ्या तपासणीवरून कळते. आरोग्यसेविका हाताने त्यांचे स्तनही तपासत होत्या. त्याचा वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्याच मापात सांगायचे तर स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू २५ ऐवजी २१. पण इथे पल्ला १७ ते २५ असा पडतो. म्हणजे फरक मुळीच नसण्याची शक्यताही त्यात बसते. ‘मृत्यू १५ टक्के घटले’ असे ठोकून देणे चूक आणि ‘तपासणी निरुपयोगी ठरली’ असे म्हणणेही तितकेच चूक. खरे वाक्य असे: फायदा असू शकेल, पण एवढ्यावरून खात्री देता येत नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत फरक मोठा, ३५ ऐवजी २५ असा दिसला. मात्र वयाची ही वाटणी आकडे हाती आल्यावर केलेली होती, हेही त्याच ओळीत सांगायला हवे. आधी बाण मारून मग भोवती वर्तुळ काढले, तर नेमबाजीची परीक्षा होत नाही.

आता त्या वस्तीतल्या बाईच्या हाती द्यायचा गोषवारा मी असा लिहीन:

“ताई, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आम्ही दर दोन वर्षांनी तपासणी करून पाहिली. तुमच्या वयाच्या दहा हजार बायकांची तपासणी केली नाही, तर दहा वर्षांत सुमारे १६ जणी या कॅन्सरने दगावतात; तपासणी केली तर सुमारे ११. हा आकडा ९ ते १४ असू शकतो, पण फायदा नक्की आहे. तपासणी झालेल्या बाईलाही हा रोग होऊ शकतो, म्हणून पाळी गेल्यावर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेले तर थांबू नका. तुम्ही तपासणी नसलेल्या गटात असाल तर आता तपासणी करून घ्या.”

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या स्त्रियांची तपासणी झाली नाही, त्यांच्याशी तुलना केल्यामुळेच हे ज्ञान मिळाले. त्यांना निष्कर्ष कळवणे हा उपकार नव्हे, ते देणे आहे.

गोषवारा जमला की नाही हे ओळखायची सोपी रीत आहे. तो वैद्यकाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणींना वाचून दाखवावा आणि ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याला सगळ्या ‘हो’च म्हणतात. ‘दहा हजारांत किती जणी वाचल्या?’ असे विचारावे. ‘पाच’ हे उत्तर आले तर गोषवारा छापायला द्यावा. ‘एकतीस’ आले तर कागद फाडून पुन्हा लिहायला बसावे.