रोझेटचे तीन गेज म्हणजे तीन स्ट्रेस नव्हेत

लोड टेस्टच्या अहवालासाठी एका सरकारी कार्यालयाने नवा नमुना काढला आहे. त्यात रोझेटच्या प्रत्येक गेजपुढे स्ट्रेनचा एक रकाना आहे आणि शेजारी त्याला E ने गुणून येणाऱ्या स्ट्रेसचा. प्रिन्सिपल स्ट्रेसला जागाच नाही. योग्य हिशेब जोडून पाठवलेले अहवाल ‘नमुन्यानुसार नाही’ असा शेरा मारून परत आल्याचे वाचक कळवतात.

या नमुन्याने काय घडते ते पाहा. प्लेट गर्डरच्या वेबवर, आधाराजवळ, ०-४५-९० अंशांचा रोझेट आहे. आडवा गेज २००, तिरपा ३४० आणि उभा उणे १२० मायक्रोस्ट्रेन दाखवतो. E दोन लाख MPa धरला, तर नमुन्यात ४०, ६८ आणि उणे २४ MPa भरले जातात. मोठा आकडा ६८, म्हणून साहेब निश्चिंत!

आता मोहर वर्तुळ मांडा. आडव्या-उभ्या गेजची सरासरी ४०, निम्मा फरक १६०. तिरप्यातून सरासरी वजा केली की ३००. या दोहोंवरून त्रिज्या ३४०. म्हणजे प्रिन्सिपल स्ट्रेन ३८० आणि उणे ३००. पहिल्याची दिशा आडव्यापासून तिरप्या गेजकडे ३१ अंश. स्ट्रेस काढताना दोन्ही स्ट्रेन एकत्र घ्यावे लागतात:

```
σ1 = E(ε1 + ν·ε2)/(1 − ν²)
σ2 = E(ε2 + ν·ε1)/(1 − ν²)
```

ν ०.३ धरून उत्तर येते ६४ आणि उणे ४१ MPa. कॉम्प्रेशन नमुन्यातल्या २४ च्या पावणेदोन पट आहे. व्हॉन मिझेस स्ट्रेस ९१ MPa, आणि तो नमुन्यात कुठेच नाही. वेबच्या बकलिंगची काळजी असलेल्या माणसाला नेमके हेच आकडे हवे असतात.

E ने थेट गुणणे एकाच ठिकाणी चालते: स्ट्रेस एकाच दिशेने असेल आणि गेज त्याच दिशेत असेल तिथे, उदाहरणार्थ मध्यावरच्या फ्लँजवर. तिथला आडवा स्ट्रेन लांबीच्या स्ट्रेनच्या उणे ०.३ पट यायला हवा. तो तसा येत नसेल, तर वायरी उलटसुलट जोडल्या आहेत का ते आधी तपासा. तीन गेजच्या रोझेटमध्ये अशी चूक आपोआप उघडी पडत नाही, कारण तीन अज्ञातांना तीनच वाचने असतात. आणि हे सारे आकडे शून्य घेतल्यानंतरच्या भाराचे आहेत; गर्डरच्या स्वतःच्या वजनाचा स्ट्रेस त्यात नाही.

कार्यालयाने हा नमुना मागे घ्यावा. तोवर सभासदांनो, तो मुकाट्याने भरू नका. प्रत्येक अहवालाला कच्ची वाचने, रोझेटच्या दिशेचे रेखाचित्र आणि प्रिन्सिपल स्ट्रेसचा हिशेब जोडा. परत आला तर पुन्हा पाठवा, आणि शेऱ्याची प्रत आमच्याकडे धाडा. त्या शेऱ्यांनिशीच आम्ही वरिष्ठांकडे जाणार आहोत.