भाव आधी की धागा आधी?

हातमागाच्या कापडाचा सौदा बहुधा भावापासून सुरू होतो. तो धाग्यापासून सुरू व्हावा, हेच न्याय्य आहे. धाग्याचा नंबर ठरल्यावाचून विणकराचे श्रम मोजता येत नाहीत आणि श्रम न मोजता ठरवलेला भाव अखेर त्याच्याच माथी बसतो.

नागपूरच्या एका विणकराकडे पुण्याची डिझायनर 40 स्टोलची मागणी घेऊन येते, असे समजू. दोन मीटर लांबीचा साधा सुती स्टोल; सूत तिचे, विणाई नगाला 150 रुपये. "काका, धागा ऐंशी नंबरचा," असे ती सांगते व विणकर होकार देतो. शब्द एक असला, तरी अर्थ मात्र दोन राहतात.

एक पौंड सुतात 840 यार्डांच्या जितक्या लडी भरतात, तो त्या सुताचा नंबर. नंबर मोठा, तितका धागा बारीक. विणकराच्या मनात ऐंशी नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेला धागा असतो. त्याची जाडी चाळीस नंबरइतकी होते. डिझायनरला बाण्यासाठी, म्हणजे आडव्या विणीसाठी, एकपदरी धागा हवा असतो. सूत हाती येताच विणकर एका टोकाचा पीळ उलगडून पाहतो. दोन पदर सुटत नाहीत.

"ताई, हा एकपदरी आहे. दुपदरी असता, तर इंचाला चाळीस आडवे धागे पुरले असते. याला छप्पन्न लागतील. नाहीतर कापड विरळ पडेल आणि धागे सरकतील."

"पण काका, बारीक सूत वजनाला कमीच लागेल. मग विणाई का वाढावी?"

"सूत कमी लागेल, धोटा मात्र जास्त वेळा फेकावा लागेल."

विणकराचे म्हणणे हिशेबाला उतरते. एका स्टोलमागे धोट्याच्या सुमारे 3,150 फेऱ्या होणार होत्या. आता सुमारे 4,400 होतील. रोज चार स्टोल विणणाऱ्याचे तीनही पुरे होणार नाहीत. दहा दिवसांचे काम चौदा दिवसांवर जाईल. दिवसाची 600 रुपये मजुरी कायम राखायची, तर विणाई 210 रुपये व्हायला हवी.

डिझायनरची अडचणही खोटी नाही. दुकानदाराला तिने तारीख दिलेली असते. तिच्यापुढे दोन मार्ग उरतात: दुपदरी धाग्याचा काहीसा जाड स्टोल 150 रुपयांत घ्यावा, किंवा तलम स्टोलसाठी 210 रुपये आणि आणखी चार दिवस द्यावेत. तलम स्टोल, जुना भाव आणि जुनी तारीख ही तिन्ही एकत्र मागणे मात्र अन्यायाचे ठरेल.

म्हणून धागा एकपदरी की दुपदरी, इंचाला आडवे धागे किती, हे आधी कागदावर यावे, भाव त्यानंतर. मुदतही बोलणी झाल्या दिवसापासून नव्हे, तर ताणा मागावर चढल्या दिवसापासून मोजावी. सूत उशिरा आले, तर तो उशीर विणकराचा नसतो.