मोळी टाकण्याआधीचा कागद

तेलगावच्या चौकात दसऱ्यापासूनच हंगामाची चाहूल लागते. बीडहून परळीकडे आणि माजलगावहून धारूरकडे जाणारे रस्ते इथे एकमेकांना छेदतात, आणि या दिवसांत त्या रस्त्यांवर टोळ्यांचे ट्रक, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. सुंदरनगरच्या लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीची पूजा होते, मोळी पडते. वर्तमानपत्रांत मान्यवरांचे फोटो छापून येतात. कारखान्याच्या आत त्याच सुमारास आणखी एका गोष्टीला सुरुवात होते, तिचा फोटो कधी निघत नाही. पाळीवरच्या माणसाच्या टेबलावरचा इंटरकॉम वाजू लागतो आणि पुढचे चार-पाच महिने तो थांबत नाही.

तरुणपणी मी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत शिफ्ट केमिस्ट म्हणून काही हंगाम काढले. त्या कारखान्याचं नाव इथे सांगण्याचं कारण नाही. आमचे चीफ केमिस्ट हुशार होते, मेहनती होते आणि क्षणभरही कुणाला मोकळं सोडत नसत. रात्रीच्या आठ ते चार या पाळीत त्यांचे बारा-पंधरा फोन येत. चुना किती सोडलाय, सिरपचं ब्रिक्स किती, मिल का थांबली, तीन नंबरच्या पॅनमध्ये दाणा कसा आहे. फोनवर समाधान झालं नाही तर मफलर गुंडाळून स्वतः येत आणि पॅनमॅनच्या शेजारी उभे राहत.

त्या उभं राहण्याचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पॅनमध्ये सिरप आटवून साखरेचा दाणा वाढवायला काही तास लागतात. तेवढा वेळ पॅनमॅन काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन दाणा पाहतो आणि सिरपचा नळ किती उघडायचा ते हाताने ठरवतो. साहेब शेजारी आले की तो दाण्याकडे पाहायचं सोडून साहेबांच्या तोंडाकडे पाहू लागे. ते ‘सोड’ म्हणेपर्यंत सिरप सोडत नसे. अशा एका रात्री पॅन प्रमाणाबाहेर घट्ट झालं आणि खोटा दाणा पडला. खोटा दाणा म्हणजे वाढवत आणलेल्या दाण्याबरोबर आपोआप जन्मणारे बारीक कण. ते सेंट्रिफ्युगलच्या जाळीतून मळीत निघून जातात. गरम पाणी देऊन ते विरघळवावे लागले, त्यात वेळ गेला, वाफ गेली. सकाळी साहेब म्हणाले, ‘मी होतो म्हणून निभावलं.’ आम्ही म्हणालो, ते होते म्हणून बिघडलं. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं खरं वाटत होतं आणि पुढच्या रात्री फोन वाढले.

त्यांची भीती कुठून येत होती, हे मला फार उशिरा कळलं. साखर कारखान्यातलं सगळ्यात मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. सल्फायटेशनमध्ये रसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन त्याचा पीएच सातच्या आसपास आणतात. तो बराच खाली घसरला तर रसातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि तिचा दाणा पुन्हा बनत नाही. फार वर गेला तर रस काळवंडतो. दिवसाला 5000 टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात उतारा 0.1 टक्क्याने घसरला तर 50 क्विंटल, म्हणजे 50 किलोची शंभर पोती साखर रोज कमी भरते. आणि हा आकडा कारखान्यापुरता राहत नाही. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी ठरवली; त्यापुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये, म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. वर्षभर पाणी देऊन ऊस वाढवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात पडणारा हा पैसा आहे. उतारा घसरला की संचालक मंडळ चीफ केमिस्टला उभं करतं. आणि त्याला आपला कारखाना दिसतो तो प्रयोगशाळेच्या काही आकड्यांतून, तेही तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशीच्या अहवालात. मधल्या काळोखात तो फोन उचलतो.

म्हणून पहिलं काम मी केलं ते मोजण्याचं. एक आठवडा साहेबांचा प्रत्येक फोन डायरीत लिहिला: वेळ आणि प्रश्न, एवढंच. रागाने लिहिला नाही, कारण रागाने लिहिलेली नोंद पुढे वापरता येत नाही. आठवड्याने पाहिलं तर बहुतेक फोन चारच गोष्टींवर होते: किती ऊस गाळला, मिल किती वेळ आणि कशामुळे थांबली, सल्फायटेड रसाचा पीएच, आणि बगॅसमधली पोल. शेवटची गोष्ट म्हणजे चिपाडाबरोबर जळून जाणारी साखर. ती दोन टक्क्यांच्या वर सरकली की साहेबांचा आवाज बदले. शिवाय निम्म्याहून जास्त फोन पाळीच्या पहिल्या दोन तासांत आणि मिल थांबल्यानंतरच्या दहा मिनिटांत येत होते. याचा अर्थ त्यांचा संशय माझ्यावर नव्हता. ज्या वेळी बातमी मिळत नसे त्या वेळी ते बातमी मागत होते.

दुसऱ्या आठवड्यापासून मी त्यांच्या आधी फोन करू लागलो. आठ वाजता पाळी घेतली की साडेआठला, मग दहाला, बाराला, दोनला. चार आकडे आणि एक वाक्य. ‘साहेब, दहाचा हिशेब. ऊस पावणेचारशे टन, मिल बारा मिनिटं बंद होती, चोकअप, आता चालू. पीएच सात पूर्णांक एक, पोल एक पूर्णांक नऊ. सिरप थोडं पातळ येतंय, इव्हॅपोरेटरच्या चौथ्या बॉडीकडे बघतोय.’ अर्धा मिनिट. इथे एक चूक अनेक जण करतात, मीही आधी केली होती. सगळं ठीक असलं की फोन करायचा आणि बिघडलं की दुरुस्त होईपर्यंत गप्प राहायचं. त्यामुळे वरिष्ठाच्या मनात एकच गोष्ट ठसते, की गप्प आहे म्हणजे काहीतरी बिघडलंय. मग तुमच्या शांततेच्या वेळीच तो फोन करणार. वाईट बातमी त्याला दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळली पाहिजे, आणि तिच्याबरोबर तुम्ही काय करता आहात हेही.

तीन आठवड्यांत फोन निम्म्यावर आले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रश्न बदलले. ‘पीएच किती?’ ऐवजी ‘काल रात्री पीएच वर का गेला होता?’ असं ते विचारू लागले. वरिष्ठाचा विश्वास बसतो आहे की नाही, हे ओळखायची मला माहीत असलेली ही एकच खरी खूण. ‘किती’ जाऊन ‘का’ आलं की तो तुमच्या आकड्यांवर विसंबू लागलेला असतो.

मगच मी मोकळीक मागितली, आणि तीही एका मापाची. ‘मला स्वातंत्र्य द्या’ असं म्हटलं असतं तर त्यांना ती तक्रार वाटली असती. मी म्हणालो, ‘साहेब, रात्रपाळीत रसाचा पीएच 6.9 ते 7.2 मध्ये असला तर चुन्याचं मी बघतो. बाहेर गेला की दहा मिनिटांत तुम्हाला फोन. आठ दिवस करून बघू.’ एक ठिकाण, एक पाळी, एक मर्यादा, आठ दिवस. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘लिहून आण.’ अर्ध्या पानावर लिहून नेलं, त्यांनी सही केली. ही सही माझ्यापेक्षा त्यांच्या जास्त उपयोगाची होती. वरून कुणी विचारलंच तर त्यांच्याकडे दाखवायला कागद होता.

चौथ्या रात्री गंधकाची भट्टी चोंदली. धूर कमी पडला आणि पीएच 7.8 वर गेला. अडीच वाजता मी फोन केला. ‘काय केलंस?’ ‘चुना कमी केला, मिलचा वेग उतरवला, भट्टी साफ करायला माणसं लावलीत. अर्ध्या तासात सांगतो.’ ‘बरं’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते आले नाहीत. तीन वाजता पीएच 7.2 वर आल्याचं मी कळवलं तेव्हा ते जागेच होते, हे त्यांच्या आवाजावरून कळलं. ते झोपले नाहीत, तरीही आले नाहीत. त्या हंगामात त्यांनी माझ्यासाठी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट ती होती, असं मी आजही मानतो.

मिळवलेलं मी एकदा घालवलंही. कंडेन्सरच्या पाण्यात साखर उतरते आहे का, हे अल्फा नॅप्थॉलच्या चाचणीने पाहतात. परीक्षानळीत जांभळं कडं दिसलं की पॅनमधून रस उडून पाण्याबरोबर चालला आहे असं समजायचं. एका पहाटे कडं दिसलं आणि ‘पाळी संपत आली, पुढचा बघेल’ म्हणून मी पाऊण तास बोललो नाही. पुढच्या केमिस्टने कळवलं. साहेब ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फोन पूर्वीसारखे सुरू झाले आणि ते पुन्हा कमी व्हायला महिना लागला.

ही वाट प्रत्येक वरिष्ठापाशी पोचवत नाही. वाईट बातमी वेळेवर दिल्याबद्दल जो चारचौघांत अपमान करतो, सही केलेली मर्यादा दुसऱ्याच दिवशी मोडतो, किंवा ज्याला अहवालातला आकडाच बदलून हवा असतो, त्याच्या बाबतीत प्रश्न विश्वासाचा राहत नाही. तिथे आपल्या नोंदी नीट ठेवाव्यात, आकडा बदलू नये आणि हंगाम संपल्यावर दुसरी जागा शोधावी. मात्र हा निकाल एका आठवड्यात देऊ नये. नियमित हिशेब देऊन महिना गेला, तरी प्रश्न ‘किती’वरच अडला असेल तरच तो द्यावा.

चीफ केमिस्ट, चीफ इंजिनिअर, मुख्य शेतकी अधिकारी यांनाही एक सांगायचं आहे. पॅनमॅनला आणि शिफ्ट केमिस्टला कुठल्या आकड्यापर्यंत स्वतः निर्णय घ्यायचा, हे बहुतेक ठिकाणी तोंडीच असतं, आणि तोंडी असलेलं रात्री दोन वाजता प्रत्येकाला वेगळं आठवतं. फोन करून जागरण करण्यापेक्षा ते आकडे तुम्हीच लिहून द्या.

यंदा पहिल्यांदाच पाळीवर उभं राहणाऱ्या मुलामुलींना विनंती आहे. मोळी पडण्याआधी आपल्या साहेबांकडे जा आणि विचारा, ‘कुठल्या चार गोष्टी तुम्ही न विचारता मी तुम्हाला कळवू, आणि किती वाजता?’ उत्तर अर्ध्या पानावर लिहून घ्या आणि पहिल्या रात्री साडेआठला फोन तुम्ही करा.