उधारीचे दिवस, कामाचा दाखला

'उत्तम सेवा, समाधानी ग्राहक' अशा शब्दांत हिशेबनीसाने आपल्या कामाची ओळख दिली, तर नवे गिऱ्हाईक फिरकत नाही. समजा, लोखंडी सामानाच्या एका घाऊक व्यापाऱ्याची उधारी त्याने मार्गी लावली. दाखल्याचा आरंभ त्या व्यापाऱ्याच्याच तक्रारीने व्हावा: 'विक्री चांगली, पण गल्ल्यात पैसा नाही.' हीच व्यथा असलेला दुसरा दुकानदार तेथेच थबकतो. मग आकडा द्यावा. वर्षाची उधार विक्री ७३ लाख, येणे १५ लाख. येण्याला विक्रीने भागून ३६५ ने गुणले की ७५ दिवस येतात. उपाय थोडक्यात पुरे: बिलांची मुदतवार यादी, दर सोमवारी तगादा, साठ दिवस थकल्यास पुढचा माल रोखीनेच. सहा महिन्यांनी येणे १० लाखांवर, म्हणजे ५० दिवसांवर आले. विक्री तेवढीच राहिली. हे शेवटचे शब्द गाळू नयेत, कारण नुसती विक्री वाढली तरी दिवस घटलेले दिसतात आणि जाणता व्यापारी ते ताडतो. दोन जुनी गिऱ्हाइके तुटली असतील, तर तेही लिहावे. नाव संमतीवाचून देऊ नये. लहान गावात धंद्यावरूनही माणूस ओळखला जातो, तेव्हा गावाऐवजी जिल्हाच लिहावा.