घामाची भागीदारी आणि गल्ल्याची किल्ली

भांडवल नसलेल्या बाईने चालत्या धंद्यात आपली कला आणि वेळ घालून भागीदार व्हावं, असा सल्ला आपल्या बैठकांतूनही दिला जातो. मी अशी भागीदार होते. हा सल्ला ज्या भोळेपणाने दिला जातो, त्याला माझा विरोध आहे.

शिवणकामाचं दुकान एका ताईंचं. ब्लाऊज बेतण्यात माझा हात चांगला. ताई म्हणाल्या, "पैसे नाहीत तर राहू दे. नफ्यात चार आणे तुझे. तू काय परकी आहेस?" कागद झाला नाही.

दोन वर्षांत महिन्याची कमाई पस्तीस हजारांवरून साठ हजारांवर गेली. आता हिशेब बघा. भाडं ९,०००, दोरा-अस्तर-वीज ११,०००, दोन मदतनीस मुलींचा पगार १६,००० आणि ताईंचा 'घरखर्च' २०,०००. उरले ४,०००. त्यातले चार आणे म्हणजे माझे १,००० रुपये! ताईंचे श्रम खर्चात धरले गेले, माझे मात्र नफ्यात शोधायचे. तेच वीस हजार दोघींत निम्मे वाटले असते, तर त्याच गल्ल्यातून मला ११,००० मिळाले असते.

मी वही मागितली तेव्हा उत्तर मिळालं, "तू कसली भागीदार? कामाला होतीस." मग कामाचा पगार कुठे आहे?

मैत्रिणींनो, १९३२ चा भागीदारी कायदा इथे आपोआप मदतीला येत नाही. कलम १३ प्रमाणे करारात लिहिलं नसेल, तर भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही. कलम ६ म्हणतं, नुसता नफ्यातला वाटा मिळतो म्हणून कुणी भागीदार ठरत नाही. उलट भागीदार ठरलात, तर कलम २५ प्रमाणे दुकानाच्या कर्जाला तुम्हीही पूर्ण जबाबदार. वही पाहण्याचा हक्क भागीदाराला आहे, पण आधी भागीदारी सिद्ध करा! आणि नोंदणी नसेल, तर कराराचा हक्क मागायला कोर्टात जाता येत नाही. दुकान मोडून हिशेब मागणं तेवढं उरतं.

म्हणून आधी कागद. दोघींच्या कामाचा मासिक मोबदला त्यात आकड्यांत लिहा, आणि तो वजा जाऊन उरेल त्यालाच नफा म्हणा. कुठला खर्च दोघींच्या सहीशिवाय धरायचा नाही, तेही लिहा. मधेच सोडलं तर वाढलेल्या धंद्यातलं काय मिळेल, हे ठरवा. मग नोंदणी करा. पहिल्याच महिन्यात वही दाखवायला टाळाटाळ झाली, तर समजा की तुम्ही बिनपगारी कारागीर आहात.

मालकीणही बाईच आहे, तिच्याशी कसला कागद, असं म्हणणाऱ्यांना मी विचारते: घरातलं आपलं काम 'आपलंच' म्हणून फुकट गेलं, ते पुरेसं नव्हतं का?