रडवणारा लेख मी का पाठवला नाही

ग्रामीण वार्तांकनाच्या एका नोकरीची जाहिरात होती. अर्जात एक रकाना होता: तुमचे प्रकाशित झालेले दोन लेख द्या आणि हेच दोन का निवडले ते प्रत्येकी शंभर शब्दांत लिहा. पगार, अनुभव, शिक्षण हे सगळं मी दहा मिनिटांत भरलं. या एका रकान्यापाशी तीन दिवस अडले.

माझे छापून आलेले लेख तेव्हा सहा होते. त्यातला सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख बी.ए.च्या वसतिगृहातला. ताटं वेगळी ठेवण्यावरून जे घडलं ते मी त्यात लिहिलं होतं. तो शेकडो लोकांनी पुढे पाठवला, अनोळखी माणसांचे फोन आले. आई औसा तालुक्यात रोजंदारीवर जाते. तिला विचारलं तर म्हणाली, "ते वसतिगृहाचं पाठव की गं. समदे रडले व्हते वाचून."

मी तो पाठवला नाही. तो लेख खोटा किंवा वाईट आहे असं मला वाटत नाही. पण त्यात मी काय केलं? मी सोसलं आणि लिहिलं. कुणाला शोधायला गेले नाही, दुसरी बाजू विचारली नाही, कागद तपासला नाही, आणि त्या लेखाला त्याची गरजही नव्हती. संपादक तो वाचून हळहळेल, पण उद्या दुष्काळाची बातमी द्यायला मला पाठवावं की नाही हे त्याला त्यातून कळणार नाही. आपल्यातल्या पोरापोरींना एक जागा हमखास मिळते, ती साक्षीदाराची. वार्ताहराची जागा आपल्याला मागावी लागते, आणि ती मागण्यासाठी हाच रकाना असतो. (स्तंभलेखकाची जागा असती तर मी वसतिगृहाचाच लेख दिला असता, हेही सांगते.)

एम.ए.साठी मी तिरुवारूरच्या केंद्रीय विद्यापीठात होते. हा जुन्या तंजावर जिल्ह्याचा भाग, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला. माझे बाकीचे बरेच लेख तिथल्या गावांवरचे. त्यातले दोन निवडले.

पहिला भाताच्या ओलाव्याचा. मेट्टूर धरणाचं पाणी ठरल्याप्रमाणे १२ जूनला सुटलं की कुरुवई हे कमी दिवसांचं पीक घेतात. त्याची कापणी नेमकी ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येते. भात भिजतं. सरकारी थेट खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. पाऊस फार झाला तर सरकार ती काही काळापुरती सैल करतं, पण तो आदेश येईपर्यंत शेतकरी रस्त्यावर भात पसरून बसतो. मी एका केंद्रावर चार दिवस बसले आणि मीटरवर आलेले आकडे वहीत उतरवले. जमीन कुळानं कसणाऱ्या एका दलित शेतकऱ्याकडे जमिनीचे कागद मालकाच्या नावाचे होते. त्याला केंद्रावर भात घालताच आलं नाही, व्यापाऱ्याला कमी भावात द्यावं लागलं. ओलाव्याची बातमी मला त्याच्यामुळे जमिनीच्या बातमीपर्यंत घेऊन गेली.

या लेखात माझी एक चूक झाली होती. २० टक्के ओलाव्याचं शंभर किलो भात १७ टक्क्यांपर्यंत वाळवलं की वजन तीन किलोनं घटतं, असं मी लिहिलं. वीस वजा सतरा, सरळ हिशेब! एका वाचकानं कळवलं की हे चुकलं. शंभर किलोत कोरडा भाग ८० किलो. वाळल्यावर तोच ८० किलो एकूण वजनाच्या ८३ टक्के होतो, म्हणजे एकूण वजन ९६.४ किलो. घट तीनची नाही, ३.६ किलोची. लेखाखाली दुरुस्ती छापली गेली आणि ती आजही तिथे आहे.

वसतिगृहातली एक सीनियर ताई म्हणाली, "वेडी आहेस का? चूक झालेला लेख कुणी पाठवतं?" मला उलट वाटलं. लेख वाचणाऱ्याला दुरुस्ती दिसणारच. मी गप्प राहिले तर ती लपवल्यासारखी दिसेल. मी सांगितली तर माझं काम चुकल्यावर मी काय करते हे त्याला कळेल.

दुसरा लेख कीळवेण्मणीचा. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री मजुरीच्या वादातून तिथल्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत आसरा घेतलेली माणसं जाळली गेली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं जमीनदारांना निर्दोष सोडलं. ही श्रीमंत, मोटारी बाळगणारी माणसं स्वतः चालत जाऊन आग लावतील हे पटत नाही, अशा अर्थाचं मत न्यायालयानं नोंदवलं होतं. खैरलांजी माहीत असलेल्या आपल्या वाचकाला हे नवीन वाटणार नाही.

हा लेख संतापानं भरला असता तर तो वसतिगृहाच्या लेखाचाच भाऊ झाला असता. तो निवडण्याचं कारण एक आकडा आहे. त्या काळच्या बातम्यांत मृतांची संख्या ४२ येते, तर स्मारक ४४ जणांचं आहे. मी पहिल्या मसुद्यात एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा आकडा लिहून ठेवला होता. मग दोन्ही आकडे कुठून आले ते सांगितलं आणि पुढे ४४ वापरले, कारण ही मोजणी ज्यांची माणसं गेली त्यांची आहे. हा निर्णय चूक म्हणणारे असतील. पण तो मी उघड घेतला.

आता कारणं लिहिण्याबद्दल. माझा पहिला मसुदा असा होता: "हा लेख माझ्या मनाच्या अगदी जवळचा आहे. शेतकऱ्यांच्या वेदनेला मी यातून वाचा फोडली आहे." हे वाक्य कुठल्याही लेखाखाली चिकटवता येतं. ते खोडलं आणि हे लिहिलं:

"खरेदी केंद्रावर चार दिवस थांबून मीटरचे आकडे स्वतः नोंदवले. माझं तमिळ बोलण्यापुरतं आहे. मुलाखती त्याच भागातल्या एका वर्गमैत्रिणीनं समजावून दिल्या, तिचं नाव लेखात आहे. मथळा आणि पहिला परिच्छेद संपादकांचा, बाकी मजकूर माझा. वजनाच्या हिशेबातली माझी चूक वाचकानं दाखवली, दुरुस्ती लेखाखाली आहे. केंद्रावरच्या हमालांशी मी बोलले नाही, ती या लेखातली उणीव आहे."

यातलं दुभाषीचं वाक्य लिहिताना हात अडखळला. तमिळ येत नाही हे कळलं तर? पण मुलाखतीत कुणी तमिळमध्ये एक प्रश्न विचारला असता तरी ते उघडं पडलंच असतं. आणि त्या मैत्रिणीचं काम माझ्या नावावर खपवणं मला जमलं नसतं. आपल्या आयांचं काम आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावावर लागत आलंय.

दोन्ही लेख मराठीत आहेत आणि निवडणाऱ्यांपैकी एकाला मराठी येत नव्हतं. म्हणून प्रत्येकाचा पानभर इंग्रजी सारांश जोडला. पूर्ण भाषांतर केलं नाही. माझ्या इंग्रजीवरून त्यांनी माझं मराठी जोखलं असतं. दुव्यांसोबत पीडीएफही दिल्या, कारण माझा एक जुना लेख संकेतस्थळासकट गायब झालेला आहे.

मुलाखतीत वेण्मणीवर एकही प्रश्न आला नाही. वीस मिनिटं गेली ती हमालांवर: त्यांच्याशी का बोलले नाही, बोलले असते तर काय विचारलं असतं. निकाल अजून आलेला नाही. आई रोज विचारते आणि वर म्हणते, "तरी म्हनलं व्हतं, ते रडवायचं पाठव."