‘झिरो फी’ म्हणजे फुकट नाही! दुबईहून येणारे पैसे नेमके कुठे कापले जातात?

समजा, तुमचा भाऊ दुबईहून घरी २,००० दिरहम पाठवतोय. त्या दिवशी गुगलवर एका दिरहमचा दर २४ रुपये दिसतो. म्हणजे ४८,००० रुपये यायला हवेत.

पहिली कंपनी फी घेत नाही, पण दर देते २३.६० रुपये. घरी येतात ४७,२०० रुपये. दुसरी कंपनी २० दिरहम फी कापते आणि उरलेल्या १,९८० दिरहमना २३.९५ रुपयांचा दर देते. घरी येतात ४७,४२१ रुपये. म्हणजे फी घेणाऱ्या कंपनीकडून २२१ रुपये जास्त आले.

बाजारातला दर आणि कंपनीचा दर यांतला हा फरक म्हणजे मार्जिन. पावतीवर तो बहुतेकदा वेगळा दिसत नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

पैसे घ्यायचे कसे, हेही आधी ठरवा. मनी ट्रान्सफर कंपनीच्या काउंटरवर ५०,००० रुपयांपर्यंतच रोख मिळते. त्यापुढची रक्कम बँक खात्यात किंवा चेकने घ्यावी लागते. बँकेतून ‘स्विफ्ट’ने पाठवलं, तर मधली बँक आपलं शुल्क कापू शकते. शिवाय रक्कम परकीय चलनात आली, तर दर तुमची बँक ठरवते.

त्यामुळे भावाला फी विचारू नका. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारायला सांगा: “सगळं कापून घरच्यांना हातात किती रुपये मिळतील?”